हे असते तर

बुटवलची बस दुपारी सिमलचौरात येऊन थांबली की तिलसरा चुलीवरून मान वर करायची. बसचं दार उघडायचं, धूळ खाली बसायची, माणसं उतरायची. शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिची मान वरच असायची. मग ती खाली बघून चहात साखर टाकायची. गावातल्या लोकांना या मान वर करण्याची इतकी सवय झाली होती, की कुणी त्यावर बोलत नसे. बोलायचं तरी काय? हस्तबीर पुण्याला वॉचमन म्हणून गेला होता आणि त्यानंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही, त्याला पाहिलेला कुणी माणूसही नाही. याला बारा वर्षं होऊन वर आणखी काही झाली होती.

कुणी परक्याने विचारलं तर तिलसरा सांगायची, “हे इंडियात असतात.” त्यात खोटं काहीच नव्हतं असं तिला मनापासून वाटे. भांगात शेंदूर होता, गळ्यात सवाष्णीची लाल पोतेच्या मण्यांची माळ होती, नवऱ्यासाठी तीजला दिवसभर पाणीही न पिता ती उपास करत होती. बाईने आणखी कसला पुरावा द्यायचा?

म्हणून काठमांडूहून आलेल्या रोशना शाक्यने पहिल्याच दिवशी “भिनाजू कुठे असतात?” असं तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा तिलाही हेच उत्तर मिळालं. रोशना विद्यापीठातली. डोंगराडोंगरात नेपाळी कशी वेगळी बोलतात याचा अभ्यास करायला ती गुल्मी जिल्ह्यात आली होती. तिला राहायला शाळेची खोली मिळाली होती, पण ती दिवसभर बसायची तिलसराच्या चहाच्या दुकानात. कारणही तसंच होतं. तिला माणसं चकित झालेली हवी होती.

“म्हणजे?” तिलसराने विचारलं.

“म्हणजे असं बघा दिदी, एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक असते तेव्हा आपण ‘छ’ म्हणतो. घरात मीठ छ. पण मीठ संपलं असं वाटत असताना अचानक डबा सापडला तर?”

“तर ‘मीठ त रहेछ’. मीठ आहे की!”

“तेच! ते ‘रहेछ’ मला हवंय. माणसाला आत्ता, या क्षणी कळलं, असं सांगणारं. आणि ते मागून मिळत नाही ना. मी विचारलं की माणूस सावध होतो, आणि सावध माणसाला कसलं आश्चर्य?”

“मग माझ्याकडे कशाला आलीस? मी काय आश्चर्य तळून विकते?”

“बस थांबते इथे. उतरणाऱ्यांना बघून लोक ओरडतात. ‘ए, साइंला आएछ!’ म्हणजे साइंला आलाय की! तेही ‘रहेछ’च्याच जातीचं.”

हे तिलसराला पटलं. बस आली की खरंच असं ओरडणं चालायचं. तिने चुलीजवळच्या फळीवर त्या पोरीचं रेकॉर्डर ठेवू दिलं. फळी एका बाजूने खिळ्यातून निसटून लोंबत होती, तिच्यावरचे ग्लास नेहमी एका कोपऱ्यात घसरत. रोशनाने रेकॉर्डर दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं आणि सांगून टाकलं, “हे मी दिवसभर चालूच ठेवीन हं दिदी. नको असेल तेव्हा सांगा, बंद करीन.” तिलसरा म्हणाली, “माझ्याकडे चोरून बोलण्यासारखं आहे काय!” आणि दोन दिवसांत ती त्या यंत्राला विसरूनही गेली.

रोशनाकडे एक पत्र्याचा डबाही होता. त्यात काहीतरी लपवून ठेवायचं आणि समोरच्याला उघडायला लावायचं, हा तिचा खेळ. तिलसराने पहिल्यांदा झाकण काढलं आणि म्हणाली, “सुन्तला पो रहेछ!” अगं बाई, संत्रं निघालं! रोशना खूश. यंत्रात आवाज नीट आला नसेल म्हणून तिने झाकण लावून पुन्हा उघडायला सांगितलं. तिलसराने उघडलं आणि म्हणाली, “सुन्तला छ.”

“दिदी, आता ‘रहेछ’ नाही म्हणालात.”

“मघाशी मला माहीत नव्हतं, बहिनी. आता माहीत आहे. माहीत असलेल्या संत्र्याचं कसलं ‘रहेछ’? मला वेडी समजलीस?”

रोशना हसत सुटली. संत्रं दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की ती जगभरच्या गोष्टी सांगायची, आणि तिलसराला त्या ऐकायला आवडायच्या, कारण रात्री दुकानाची फळ्यांची दारं लावल्यावर तिच्याशी बोलायला भिंतींशिवाय कुणी नसे. ल्हासाकडच्या तिबेटी माणसाने म्हणे, पैसे आपल्याकडे आहेत हे आधीपासून ठाऊक असताना सांगितलं तर वेगळं क्रियापद, आणि खिशात हात घातल्यावर अचानक नोट लागली तर वेगळं. तुर्की माणूस दार उघडं आणि दारात पाहुण्याचे जोडे पाहून म्हणतो ‘गेल्मिश’, आलाय वाटतं. पाहुणा येताना त्याने पाहिलेला नसतो. कुणी सांगितलेली गोष्टही तो त्याच रूपात सांगतो.

“आणि न घडलेल्याचं काय?” तिलसराने एकदा सहज विचारलं.

“त्याचीही रूपं असतात. मी पुढच्या आठवड्यात तीच विचारणार आहे तुम्हाला. घडलं नाही, घडेल का ठाऊक नाही, घडलं असतं तर बरं झालं असतं, अशा सगळ्या नुसत्या मनातल्या गोष्टींची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला बेटांवर एक भाषा आहे. तिथे ‘तो आला नाही’ म्हणायचं तरी क्रियापदाला तेच रूप लागतं, जे ‘तो आला असता’ला लागतं. आलाच नाही, म्हणजे ते येणं मनातलंच, नाही का? आणि अमेरिकेत काड्डो नावाचे लोक आहेत. त्यांची भाषा तर आश्चर्यालाही तेच न घडलेल्याचं रूप लावते. समोर दिसतंय, तरी खरं वाटत नाही, म्हणून असेल.”

तिलसरा चूल सारखी करत होती. तिने वर पाहिलं नाही. ‘तो आला नाही’ हे आपल्याकडे किती टणक वाक्य आहे, एवढंच तिच्या मनात आलं. दगडासारखं. तिथल्या बायकांना निदान ते एवढं लागत नसेल.

दुसऱ्या दिवशी वरच्या घरून सासरे खाली उतरून आले. काठी टेकत, वाटेत दोनदा बसत. ते धाकट्या मुलाकडे, गोपीलालकडे, राहायचे. तिलसरा दुकान टाकल्यापासून खालीच राहत होती. म्हाताऱ्याने चहा घेतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सुनेला म्हणाले, “बुहारी, पुरोहित बाज्यांशी बोललो मी.”

काय बोलले हे तिला विचारावं लागलं नाही. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचा कुशाच्या गवताचा माणूस करायचा, त्याला नदीकाठी नेऊन जाळायचं आणि तेरा दिवस पाळायचे. म्हाताऱ्याने हे पूर्वीही दोनदा काढलं होतं. दोन्ही वेळा तिलसरा उठून भांडी घासायला गेली होती.

“जबरदस्ती नाही,” म्हातारा म्हणाला. “तू नाही म्हणशील तर कुशाची काडीही तोडू देणार नाही मी कुणाला. पण माझे पाय आता त्या नदीपर्यंत किती दिवस चालतील? पोराला उपाशी भटकत ठेवून मी कसा जाऊ?”

“हे आले तर?” तिलसरा म्हणाली. “आले आणि बघितलं की आपल्याला जाळून मोकळे झालेत सगळे, तर?”

“आला तर आंघोळ घालू. नवं बाळ जन्मावं तसं नाव ठेवू पुन्हा. शास्त्रात आहे ते. आला तर मी नाचेन, बुहारी, या पायांनी.”

म्हाताऱ्याने टोपी घातली आणि ग्लास स्वतः विसळून ठेवला. सासऱ्याने सुनेच्या दुकानात ग्लास विसळावा हे तिला भारी लागलं. ती काठीचा आवाज वर चढत जाताना ऐकत राहिली. एक हो म्हटलं तर त्या म्हाताऱ्याचा जीव सुटणार होता, आणि त्याच एका हो-ने तिचा नवरा मरणार होता. कुठेतरी जिवंत असलेल्या माणसाला आपण तोंडाने मारायचं? तिला ते जमणार नव्हतं.

रोशनाचे नवे प्रश्न त्याच आठवड्यात सुरू झाले. एका कागदावर तिने वाक्यं लिहून आणली होती. ती अर्धं सांगायची, तिलसराने पुरं करायचं.

“पाऊस पडला असता तर...”

“मका असा वाळला नसता.”

“बस वेळेवर आली असती तर...”

“भाजलेले भटमासाचे दाणे संपले असते आणि तुझ्या वाटणीला काही राहिलं नसतं.”

“मस्त! आता, भिनाजू गेल्या दसैंच्या सणाला आले असते तर...”

तिलसरा म्हणाली, “हे आले तर खसी बोकड कापू.”

“तसं नाही दिदी. आले तर नाही. आले असते तर. म्हणजे आले नाहीत, पण समजा.”

“हे आले तर खसी बोकड कापू,” तिलसरा पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

“‘आउनुभएको भए’ म्हणून सुरुवात करा ना.”

“तसं नाही म्हणत आम्ही.”

रोशनाने डोकं खाजवलं. मग सासरे, मग नणंद, मग गावचे मास्तर घालून तीच वाक्यं विचारली. सासऱ्यांचं आलं, मास्तरांचं आलं. नवऱ्याचं येईना. चार दिवस तिने पुन्हा पुन्हा खोदून पाहिलं आणि तिलसरा प्रत्येक वेळी तोंड फिरवून ‘आले तर’वर येऊन बसायची. शिकलेल्या माणसाचं एक असतं, त्याला समोरची बाई रडवेली झालेली दिसणार नाही, पण नियम लगेच दिसतो. रोशनाने वहीत लिहूनही टाकलं की या भागातल्या बायका नवऱ्याच्या नावाने न घडलेल्याचं रूप वापरत नाहीत, बहुधा अशुभ मानतात. शोध लागल्यासारखी ती खुशीत होती.

आवाज भरून झाले की ते परत ऐकून, शब्द न् शब्द लिहून काढायचे, ही तिच्या कामाची रीत. जे कळणार नाही ते तिलसराला विचारायचं. दुपारी बस निघून गेल्यावर दोघी बाकड्यावर बसत, मधे रेकॉर्डर. आपला आवाज ऐकून तिलसरा पदरात तोंड लपवायची. “ही माझी वाणी? कावळीसारखी?” बसमधून उतरलेल्यांची ओरड, पैशांची घासाघीस, कुणाची शेळी, सगळं त्यात होतं. एकदा तर ती स्वतःच म्हणताना ऐकू आली, “म त निदाएछु,” अगं, मला झोपच लागली की, आणि रोशनाने टाळीच वाजवली. आपल्या स्वतःबद्दल ‘आत्ता कळलं’ असं म्हणणं फार दुर्मीळ म्हणे. झोपणं, विसरणं, अशाच गोष्टींत सापडतं, कारण एरवी माणसाला स्वतःचं सगळं ठाऊक असतं.

“असतं का?” तिलसरा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग तो दिवस आला. रोशना कानात वायर घालून एकटीच ऐकत होती. एकदम ती उठली, तिच्या मांडीवरची वही खाली पडली.

“दिदी! सापडलं! माझा नियम चुकला, पण किती छान चुकला! ऐका, ऐका. कुणी न विचारता बोललात तुम्ही!” तिने वायर काढली आणि आवाज मोठा केला.

आधी नुसती चूल ऐकू आली. मग फळीवरचे ग्लास घसरल्याचा आवाज. मग तिलसराचा स्वतःचा आवाज, अगदी साधा, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा.

“पुन्हा लोंबली मेली. उहाँ हुनुभएको भए...” हे असते तर ही फळी अशी राहिली असती का? दोन ठोके मारले असते आणि वर मलाच म्हणाले असते, तुझ्या हातात जोर नाही. असते तर आता केस पिकले असते. माझे पिकले, यांचेही पिकले असते.

त्यानंतर कुणी उत्तर दिलं नाही. खूप वेळ नुसती चूलच ऐकू येत होती.

“बघा!” रोशना म्हणाली. “किती वेळा! आणि कसं सहज! दिदी, कुणाशी बोलत होता तुम्ही?”

तिलसरा रेकॉर्डरकडे बघत होती. तिला तो दिवस आठवत नव्हता. तसं बोलल्याचं आठवत नव्हतं. दुकानात कुणी नव्हतं हे मात्र ऐकू येत होतं. आपण एकट्या बडबडतो हेही तिला आजच कळत होतं. आणि ज्या शब्दांना तिने चार दिवस तोंडात येऊ दिलं नव्हतं, ते तिच्याच तोंडून, कुणी न विचारता, रोजचे असल्यासारखे बाहेर पडले होते. हे आले तर, असं ती लोकांना सांगायची. फळीला मात्र ती खरं सांगत होती.

“दिदी?” रोशनाचा आवाज बदलला. तिला आता समोर बाई दिसली. “दिदी, भिनाजू... इंडियात आहेत ना?”

“पुन्हा लाव,” तिलसरा म्हणाली.

“नको.”

“लाव म्हणते ना.”

रोशनाने लावलं. तिलसराने मान खाली घालून पुरं ऐकलं. ऐकता ऐकता तिचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मग ती कुणालाच उद्देशून नाही अशी, हळू, अगदी नवल वाटल्यासारखी म्हणाली, “म त विधवा पो रहेछु.”

मी तर विधवा निघाले की.

रोशना रडायला लागली. “मला माहीत नव्हतं दिदी, शप्पथ, मला ठाऊक असतं तर मी...” आणि तिथेच अडकली, कारण आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं. तिलसरा रडली नाही. तिने बाकड्यावरून पडलेली वही उचलली, झटकली, पोरीच्या हातात दिली. मग चूल विझवली. एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी त्या चुलीवर पाणी पडलेलं गावाने पाहिलं नव्हतं.

ती वरच्या घराची वाट चढली. म्हातारा अंगणात उन्हाला बसला होता. तिने वाकून पायाला डोकं लावलं आणि म्हणाली, “बुवा, कुश काढा.”

म्हाताऱ्याने विचारलं, “काही कळलं का, बुहारी? कुणी निरोप आणला?”

“नाही बुवा. निरोप नाही. मला ठाऊकच होतं. मलाच आज कळलं.”

म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तिथेच, अंगणात, तेव्हा रडली.

कुशाचा माणूस गोपीलालने आणि बाज्यांनी मिळून बांधला. हात, पाय, डोकं. त्याला पांढरं कापड गुंडाळलं तेव्हा तो हस्तबीरपेक्षा बुटका वाटला, आणि तिलसराला ‘हे एवढेसे नव्हते’ असं सांगावंसं वाटलं. म्हातारा नदीपर्यंत चालत गेला. गवत ते, भुरकन जळून गेलं. मागून येणारी माणसं पोचायच्या आतच सगळं संपलं. तिथे तिच्या भांगातला शेंदूर पुसला, बांगड्या उतरवल्या, लाल माळ पाण्यात सोडली. गोपीलालने डोकं भादरून तेरा दिवस पांढऱ्यात काढले.

रोशना तेवढे दिवस शाळेच्या खोलीतच राहिली. रोज संध्याकाळी येऊन अंगणाच्या कडेला बसायची, बोलायची नाही. निघायच्या दिवशी ती दुकानात आली. तिलसरा पांढऱ्या धोतीत चुलीपाशी होती. दुकान पुन्हा उघडावंच लागतं, पोट काही सुतक पाळत नाही.

“दिदी, फळीचं ते बोलणं मी पुसून टाकू?”

तिलसराने विचार केला. “पुसू नको. यांच्याबद्दल बोललेलं दुसरं कुठे आहे? पण माझं नाव घालू नको. एक बाई म्हण.”

“म्हणेन.” रोशना थोडा वेळ चाचरली. तिला विचारायची लाज वाटत होती आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. अभ्यासकांची जातच तशी, तिला तरी काय बोल लावणार. “तुम्ही नंतर जे म्हणालात, स्वतःबद्दल, ते मात्र यंत्रात आलं नाही. तेव्हा त्यावर आधीचं बोलणं लावलं होतं ना, नवं भरत नव्हतं. म्हणजे, कुठल्याच पुस्तकात नाही असं वाक्य. मी नुसतं आठवणीतून लिहिलं तर...”

“पुन्हा म्हणू म्हणतेस?”

“नको, नको. तुम्हाला त्रास होत असेल तर नको.”

तिलसराने ग्लासात चहा ओतला, तिच्यापुढे ठेवला. त्रास होत होता असं नाही. तिने खरंच म्हणून पाहायचं ठरवलं. पोरीने चटकन यंत्र चालू केलं. तिलसराने तोंड उघडलं आणि थांबली. मग म्हणाली, “म विधवा हुँ.” मी विधवा आहे.

रोशना वाट बघत राहिली.

“ते दुसरं आता येत नाही, बहिनी,” तिलसरा म्हणाली. “ते एकदाच येतं. आता मला माहीत आहे.”

बाहेर बुटवलची बस येऊन थांबली. दार उघडलं, कुणीतरी ओरडलं, “ए, माइली आइछ!” फळीवरचे ग्लास पुन्हा कोपऱ्यात घसरले. तिलसराने हातोडी आणि दोन खिळे काढले आणि बसकडे पाठ करून फळी ठोकायला लागली.